शंभरातले किती, पण कोणत्या शंभरातले? : बेरोजगारीचे आलेख आणि त्यांखालचा मजकूर

मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण पीएलएफएसची, म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाची आकडेवारी घेऊन शोधनिबंध लिहीत आहात. वय आणि लिंग या दोन अंगांनी बेरोजगारी दाखवायची, तर आलेख कोणता काढायचा आणि त्याच्याखाली काय लिहायचं, एवढ्याच प्रश्नाला धरून आज बोलू.

२०२३-२४ च्या वार्षिक अहवालातला एक आकडा घेऊ. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आणि स्त्रियांचाही ३.२ टक्के. याचा स्तंभालेख काढला, तर दोन सारख्या उंचीचे स्तंभ शेजारी शेजारी उभे राहतील. आकडे खरे, मोजमाप बरोबर, अक्ष शून्यापासून सुरू झालेला. तरीही वाचक त्यातून जो अर्थ घेईल, तो चुकीचा असेल. देशातल्या स्त्री-पुरुषांची कामाच्या बाबतीत सारखीच स्थिती आहे, असं त्याला वाटेल.

हे घडतं ते छेदामुळे. बेरोजगारीचा दर काढताना आपण लोकसंख्येने भागत नाही. काम करणारे आणि काम शोधणारे किंवा कामाला तयार असलेले, या दोघांच्या बेरजेने भागतो. ही बेरीज म्हणजे श्रमशक्ती. २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांपैकी ७८.८ श्रमशक्तीत होते आणि शंभर स्त्रियांपैकी ४१.७. म्हणजे ते दोन सारखे स्तंभ दोन वेगवेगळ्या आकाराच्या समूहांवर उभे आहेत, आणि आलेखात त्याचा मागमूस नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की निबंधातला पहिला आलेख दराचा नसावा. तो शंभर माणसांचा असावा. एक आडवा पट्टा पुरुषांचा, त्याखाली एक स्त्रियांचा, दोन्ही शंभर एकक लांब. पुरुषांच्या पट्ट्यात ७६.३ काम करणारे, २.५ बेरोजगार, २१.२ श्रमशक्तीबाहेर. स्त्रियांच्या पट्ट्यात ४०.३ काम करणाऱ्या, १.४ बेरोजगार, ५८.३ श्रमशक्तीबाहेर. आता डोळ्यांना पहिली गोष्ट कोणती दिसते? तो शेवटचा तुकडा. बेरोजगारांची पट्टी दोन्हीकडे दोऱ्याएवढी आहे, आणि शिकणं, घरकाम, घरातल्या लहानमोठ्यांची देखभाल करणं, या सगळ्यांचा तुकडा स्त्रियांकडे पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आहे. वाचकाच्या मनात एकदा हे बसलं, की पुढचे दरांचे आलेख तो नीट वाचतो. याच आलेखाची मर्यादाही ओळखून असा. दोऱ्याएवढ्या पट्ट्यांची तुलना डोळा करू शकत नाही, त्यामुळे दरासाठी वेगळा आलेख लागतोच. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात कोंबायला जाऊ नका.

आता वयाकडे वळू. इथे सर्रास होणारी एक चूक आहे, आणि तिला अहवालातले तक्तेच आमंत्रण देतात. तक्त्यात वयोगट असे येतात : १५ ते २९, १५ ते ५९, १५ आणि त्यावरील, आणि सर्व वयोगट. विद्यार्थी हे चारही आडव्या अक्षावर एकापुढे एक मांडतात, बिंदू रेषेने जोडतात आणि लिहितात की वय वाढेल तशी बेरोजगारी घटते. पण हे गट एकापुढचे एक नाहीतच. पहिला दुसऱ्याच्या पोटात आहे, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा चौथ्याच्या. ती उतरती रेषा वयाबद्दल फारच थोडं सांगते. तरुणांमध्ये दर जास्त आहे आणि गट मोठा केला की ते तरुण इतरांत मिसळून जातात, एवढंच तिच्यात आहे. अहवालातलेच गट वापरायचे असतील तर एक गट निवडा, १५ ते २९, आणि त्याच्यातच खोल जा.

वयाची खरी चढ-उतार दाखवायची असेल, तर युनिट-स्तरावरची माहिती उतरवून घ्यावी लागते आणि प्रत्येक नोंदीला तिचं भारांकन देऊन पाच-पाच वर्षांचे गट स्वतः बांधावे लागतात. तिथे रेषालेख योग्य, कारण वय हे सलग मोजमाप आहे. पण तिथेही एक खड्डा आहे. चाळिशीपुढच्या बेरोजगार स्त्रिया नमुन्यात फारच थोड्या सापडतात. एका राज्यापुरतं काम करत असाल, तर एखाद्या गटात बोटांवर मोजण्याइतक्या. अशा मूठभर नोंदींवरून काढलेला दर एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली उडी मारतो, आणि आपण त्याची कारणं शोधत बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. भारांकन न देता त्या चौकटीत बेरोजगार म्हणून नोंदलेल्या व्यक्ती किती, ते आधी मोजा. तीस-चाळीसच्या आत असतील, तर मी ते गट एकत्र करतो, ४५ ते ५९ असा एकच ठेवतो आणि रेषेभोवती अनिश्चिततेचा पट्टा काढतो. तीस-चाळीस हा काही कायदा नाही, माझा अंदाजपंचे उंबरठा आहे. पण मोजणं मात्र टाळू नका.

आता १५ ते २९ हाच गट घेऊ आणि एक आकृती पूर्ण करू. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागात या वयाच्या पुरुषांचा बेरोजगारीचा दर ८.७, स्त्रियांचा ८.२. शहरांत पुरुषांचा १२.८ आणि स्त्रियांचा २०.१. फक्त चार आकडे. यांचा वृत्तालेख होणार नाही, कारण हे एका पूर्णाचे भाग नाहीत. तरी असे वृत्तालेख छापून आलेले मी पाहिलेले आहेत. गटवार स्तंभालेख चालेल, आणि स्तंभ असतील तर अक्ष शून्यापासूनच हवा, कारण स्तंभात डोळा लांबी वाचतो. मी मात्र इथे बिंदूंचा आलेख काढीन. दोन आडव्या ओळी, एक ग्रामीण, एक शहरी. प्रत्येक ओळीवर दोन बिंदू, पुरुषांचा आणि स्त्रियांचा, आणि दोघांना जोडणारी बारीक रेघ. ग्रामीण ओळीवर बिंदू जवळजवळ चिकटलेले, शहरी ओळीवर त्यांच्यात सात अंकांचं अंतर. आपलं म्हणणं त्या अंतराबद्दलच आहे, आणि ते अंतर इथे स्वतः रेघ होऊन दिसतं. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं, की एकाच मोजपट्टीवरच्या जागांची तुलना माणूस कोन किंवा क्षेत्रफळ यांच्यापेक्षा अचूक करतो. बिंदूंचा आलेख त्या बळावर उभा आहे.

स्त्रियांसाठी गुलाबी आणि पुरुषांसाठी निळा, हे सोडा. बहुतेक निबंध शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर वाचले जातात आणि तिथे हे दोन्ही रंग एकाच राखाडीत जातात. एक बिंदू भरीव, दुसरा पोकळ ठेवा आणि ‘स्त्रिया’, ‘पुरुष’ ही नावं बिंदूंशेजारीच लिहा. कोपऱ्यातल्या सूचीकडे वाचकाला हेलपाटे घालायला लावू नका.

आता खालचा मजकूर. बहुतेक निबंधांत तो असा असतो : ‘आकृती २ : वय व लिंगानुसार बेरोजगारी’. ही फक्त पाटी झाली. यात निष्कर्ष नाही, छेद नाही, काळही नाही. मग कोणी जरा धीट होऊन लिहितो, ‘शहरातली दर पाचवी तरुणी बेरोजगार’. हे वाक्य वाचायला जोरदार आहे आणि साफ चूक आहे. २०.१ टक्के हे प्रमाण श्रमशक्तीत असलेल्या तरुणींचं आहे, सगळ्या तरुणींचं नव्हे. समजा, शहरातल्या शंभर तरुणींपैकी पंचवीस श्रमशक्तीत आहेत. तर बेरोजगार पाच झाल्या, म्हणजे दर विसावी. उरलेल्या पंच्याहत्तर शिकत असतील, घर सांभाळत असतील, किंवा शोधून शोधून थांबल्या असतील. या थांबलेल्या दरात मोजल्याच जात नाहीत, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

मी तो मजकूर असा लिहीन :

‘आकृती २ : तरुण स्त्री-पुरुषांच्या बेरोजगारीतली दरी शहरांत आहे, खेड्यांत जवळपास नाही. १५ ते २९ वयोगटातल्या, श्रमशक्तीत असलेल्या दर १०० व्यक्तींमागे बेरोजगार. नित्य स्थिती (मुख्य व दुय्यम मिळून). जुलै २०२३ ते जून २०२४. आधार : पीएलएफएस वार्षिक अहवाल. श्रमशक्तीबाहेरच्या व्यक्ती या दरात धरलेल्या नाहीत; पंधरा वर्षांवरच्या सर्वांमधले त्यांचे प्रमाण आकृती १ मध्ये.’

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते सांगतो. पहिल्या वाक्यात निष्कर्ष आहे, कारण घाईतला वाचक तेवढंच वाचतो. ‘नित्य स्थिती’ लिहावंच लागतं, कारण तिच्यात मागच्या ३६५ दिवसांचा हिशोब असतो आणि ‘चालू साप्ताहिक स्थिती’त फक्त मागच्या सात दिवसांचा. त्याच २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचा दर पहिल्या मापाने ३.२ येतो आणि दुसऱ्याने ४.९. एका वर्षाचा आकडा एका मापाने आणि पुढच्या वर्षाचा दुसऱ्याने घेतला, तर नसलेली बेरोजगारी उगवते. महिने लिहायचे कारण २०२३-२४ म्हटलं की आपल्या डोक्यात एप्रिल ते मार्च येतं, आणि हे सर्वेक्षण जुलै ते जून चालत होतं.

शेवटी काळाच्या रेषेबद्दल. १५ ते २९ वयोगटाचा दर २०१७-१८ मध्ये १७.८ होता, २०२३-२४ मध्ये १०.२ झाला. मजकुरात ‘७.६ टक्क्यांनी घट’ लिहू नका. ती ७.६ पर्सेंटेज पॉइंटची घट आहे, आणि टक्क्यांत सांगायची तर सुमारे ४३ टक्के. त्याच काळात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ वरून ४१.७ वर गेला आणि त्यातला बराच भाग स्वयंरोजगाराचा आहे, ज्यात घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाऱ्याही येतात. म्हणून दराच्या रेषेखाली, त्याच वर्षांच्या अक्षावर, सहभागाची रेषा वेगळ्या चौकटीत काढा. एकाच चौकटीत डावीकडे एक मोजपट्टी आणि उजवीकडे दुसरी लावली, तर रेषा कुठे छेदतील ते आपणच ठरवतो आणि वाचकाला त्या छेदात अर्थ दिसू लागतो. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची नमुना-रचना बदलली आहे. त्यापुढचे आकडे जोडायचे असतील तर रेषा तिथे तोडा, उभी तुटक रेघ मारा आणि खालच्या मजकुरात लिहा, की या रेघेच्या दोन बाजूंचे आकडे थेट तुलनेसाठी नाहीत.