आकडा बसत नाही, हे पहिल्या फोनवर का सांगायचं

(पुण्यात भरतीचं काम करणाऱ्यांच्या एका मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय छापलाय तो असा: ‘उमेदवाराची अपेक्षा मंजूर बँडच्या वर असेल तर ते त्याला कसं सांगावं’. मला पस्तीस मिनिटं दिली आहेत आणि त्यातली दहा प्रास्ताविकात गेली. त्याबद्दल तक्रार नाही, प्रास्ताविकात माझीच स्तुती होती.

एक किस्सा सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका. बॅकएंड डेव्हलपरची जागा, अनुभव सहा वर्षं, मंजूर बँड १५ ते २० लाख. एका मुलाला रिक्रूटरचा फोन गेला. सध्याचा सीटीसी १६, अपेक्षा २४. मुलगा सरळ होता, त्याने आकडा सांगितला आणि वर म्हणाला, ‘‘काम चांगलं असेल तर बघू.’’ आता यातलं शीटमध्ये काय उतरलं? ‘अपेक्षा २४, निगोशिएबल’. तो ‘निगोशिएबल’ मुलगा कधी बोललाच नव्हता. (हशा) हसताय म्हणजे तुमच्याही शीटमध्ये तो आहे.

मग सुरू झाल्या फेऱ्या. ऑनलाइन कोडिंग, दोन टेक्निकल, मॅनेजर, आणि एका शनिवारी ऑफिसात बोलावून अर्धा दिवस सिस्टिम डिझाइन. त्या शनिवारी मुलाने घरचं साखरपुड्याचं जेवण बुडवलं, हे त्याने मला नंतर सांगितलं. सगळे खूश. आणि शेवटच्या फोनवर त्याला कळतं, ‘‘सर, आपलं मॅक्सिमम २० बसतंय. पण ग्रोथ खूप आहे.’’

पाच फेऱ्या त्याने दिल्या, पण मॅनेजरचे, पॅनेलचे तास कुणी मोजलेत? ते इंजिनिअर प्रॉडक्टचं काम सोडून बसले होते, आणि २० ही मर्यादा पहिल्या दिवसापासून रिक्रूटरच्या स्क्रीनवर होती.

मुलाने ऑफर स्वीकारली. का? नोटीस पिरियड ९० दिवसांचा, हातात एक कागद. तो कागद घेऊन तो तीन महिने बाजारात फिरला. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. कंपनीत चर्चा झाली की हल्लीची पिढी बेजबाबदार आहे. मी विचारलं, फोन बंद करायला त्याला शिकवलं कुणी? तुम्ही पाच फेऱ्या आकडा लपवलात, त्याने तीन महिने बेत लपवला.

थांबा, किस्सा अजून संपला नाही, मजा तर पुढेच आहे. १६ वरून २० म्हणजे पंचवीस टक्के वाढ, मग मुलगा एवढा का दुखावला? मी त्याच्याकडून दोन्ही कागद मागवून घेतले. नव्या वीस लाखांतले २ लाख व्हेरिएबल. बेसिक १० लाख, त्यावर कंपनीचा पीएफ बारा टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, तोही सीटीसीतच. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ४८,१००, तीही सीटीसीतच, आणि ती मिळायला साधारण पाच वर्षं टिकावं लागतं. उरले सोळा लाख बत्तीस हजारांच्या आसपास. महिन्याला १ लाख ३६ हजार, त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १० हजार कापला की हातात १ लाख २६ हजार, तेही आयकराच्या आधी.

आणि जुन्या नोकरीत? व्हेरिएबल नाही. पीएफ १५,००० च्या पगारमर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये. तिथेही हातात सव्वा लाखाच्या थोडं वरच येत होतं. चार लाखांची वाढ घरी पोचेपर्यंत शून्य. पीएफचे पैसे त्याचेच आहेत, मान्य, पण त्याचा गृहकर्जाचा हप्ता पीएफ भरत नाही. भाड्याचा फ्लॅट दाखवताना एजंट भाडं तेवढं सांगतो, मेंटेनन्स करारावर सही करताना निघतो, तसलाच प्रकार.

म्हणजे २४ आणि २० मधलं अंतर चार लाखांचं नव्हतंच. त्याच्या डोक्यातले २४ जुन्या कागदासारखे, जवळजवळ सगळे फिक्स्ड होते. आपले २० म्हणजे फिक्स्ड, व्हेरिएबल, पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं एका गाठोड्यात. ‘‘तुमचे २४ फिक्स्ड की एकूण?’’ हा प्रश्न पहिल्या फोनवर विचारला असता तर अंतर खरं किती, हे तिथेच दिसलं असतं.

मग रिक्रूटर सांगत का नाही? वाईट माणूस असतो म्हणून नाही. त्याचा हिशोब ‘किती प्रोफाइल पाठवले, किती इंटरव्ह्यू लागले’ यावर होतो. खरं बोललं की आठवड्याचा आकडा पडतो. बाहेरच्या कन्सल्टंटचं बिल तर जॉइनिंगनंतर निघतं, बहुतेक ठिकाणी वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, एका महिन्याचा पगार. त्याला वाटतं, आत ढकलू, मॅनेजरला मुलगा आवडला की बँड हलेल.

बँड क्वचित हलतो. टीममध्ये तेच काम करणारे चारजण १७-१८ वर बसलेले असतात. नवा माणूस २४ ला आणला तर पुढच्या अप्रेझलला ते चौघं कॅलेंडरवर मीटिंग टाकतात. दुसरं, बँडचं वरचं टोक नवीन माणसाला सहसा देत नाहीत, कारण मग त्याला वाढ द्यायला जागा उरत नाही. १५ ते २० च्या बँडमध्ये खरी देण्याजोगी मर्यादा साडेअठराही असू शकते. किस्स्यातले २० म्हणजे मॅनेजरने रडून मिळवलेलं शेवटचं टोक होतं. म्हणून उमेदवाराला बँड सांगू नका, आपण खरंच कुठवर जाऊ शकतो ते सांगा. ‘‘१५ ते २०’’ म्हटलंत तर तो २० ऐकतो. तुम्हीही तेच ऐकलं असतं.

(संयोजकांनी चिठ्ठी दिली.) सात मिनिटं उरलीत म्हणे. जो विषय छापलाय तो आता सुरू करतो. (हशा)

पहिल्या फोनवर, कामाचं वर्णन झालं की लगेच, साधं वाक्य: ‘‘या जागेला मला एकूण साडेअठरापर्यंत जाता येतं, त्यातले साधारण दीड लाख व्हेरिएबल. तुमची अपेक्षा २४ आहे. हे अंतर मोठं आहे आणि ते भरून निघेल असं मी आज म्हणू शकत नाही.’’ मग गप्प बसा. ‘पण आमचं कल्चर’ सुरू करू नका. आणि ‘‘मार्केटमध्ये तुमच्या प्रोफाइलला एवढं मिळत नाही’’ हे तर मुळीच नको. तुमचं बजेट कमी आहे, त्याची किंमत नाही.

तो म्हणेल, अपवाद होतो का? होतो, पण त्याचं गणित वेगळं. मॅनेजरने उमेदवाराला वरच्या लेव्हलसाठी पाहायचं ठरवलं तर वरचा बँड लागतो. ते इंटरव्ह्यूच्या आधी ठरवून घ्या, कारण वरच्या लेव्हलचे प्रश्नच वेगळे असतात. पाचव्या फेरीनंतर लेव्हल बदलायला गेलात तर फायनान्स विचारतं, मग मूल्यमापन कुठल्या लेव्हलचं केलं होतं? मॅनेजरशी बोलून दोन दिवसांत सांगतो म्हणालात तर ‘नाही’ सांगायलाही दोन दिवसांत फोन करा.

जॉइनिंग बोनस अंतर भरायला वापरा, पण तो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडल्यास बहुधा परत द्यावा लागतो, ही दोन्ही वाक्यं त्याच श्वासात सांगा. ‘सहा महिन्यांत करेक्शन करू’ हे ऑफर लेटरमध्ये येणार नसेल तर तोंडातही आणू नका.

आणि तो ‘नाही’ म्हणाला तर शीटमध्ये त्याचेच शब्द लिहा: ‘२४ फिक्स्ड, त्याखाली तयार नाही, वरची जागा निघाली तर कळवा’. अशी नोंद असली की सीनियरची जागा उघडते तेव्हा पहिला फोन कुणाला लावायचा हे शोधावं लागत नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई कधीच्या हात वर करून बसल्यात.