चार गुणांची एक आकृती

(दृश्य: फळ्यावर एक आकृती. खाली अर्धगोल, मध्ये वृत्तचिती, वर शंकू. खडूने मापे लिहिली जात आहेत.)

दहावीच्या भूमितीचा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. महत्त्वमापनाच्या प्रकरणातलं संयुक्त घनाकृतीचं गणित चौथ्या प्रश्नात आलं, तर ते चार गुणांचं असतं. आज आपण असं एकच गणित सावकाश सोडवणार आहोत. ते सोडवताना परीक्षकाच्या लाल पेनाकडेही लक्ष ठेवू.

गणित असं आहे. एका भरीव लाकडी वस्तूचा खालचा भाग अर्धगोल, मधला वृत्तचिती आणि वरचा शंकू आहे. तिघांची त्रिज्या सारखीच, 7 सेमी. शंकूची उंची 24 सेमी आणि संपूर्ण वस्तूची उंची 41 सेमी. तर वस्तूचं एकूण पृष्ठफळ काढा. π = 22/7 घ्या.

(दृश्य: टेबलावर लाकडाचे तीन सुटे तुकडे.)

हे तीन तुकडे आम्ही याच मापांनी कातून घेतले आहेत. गणिताला हात लावण्याआधी ते सुटे असतानाच नीट बघून घ्या. शंकूला एक सपाट वर्तुळाकार तळ आहे. वृत्तचितीला दोन सपाट तोंडं आहेत, वरचं आणि खालचं. अर्धगोलाला एक सपाट तोंड आहे. एकूण चार सपाट वर्तुळं. ही चार वर्तुळं लक्षात असू द्या, या गणितातली सगळ्यात महागडी चूक तिथेच होते.

आता पहिली पायरी. वृत्तचितीची उंची दिलेलीच नाही, दिली आहे ती पूर्ण वस्तूची. पुष्कळ मुलं 41 मधून 24 वजा करतात आणि 17 लिहून पुढे जातात. पण खालचा अर्धगोलही काही उंची खातोच की! अर्धगोलाची उंची म्हणजे त्याची त्रिज्या, इथे 7 सेमी. म्हणून 41 − 24 − 7 = 10. वृत्तचितीची उंची 10 सेमी.

इथेच एक सवय लावून घ्या. या गणितात उंच्या दोन आहेत, आणि दोन्हींना h लिहिलं तर चार ओळींनी आपल्यालाच कळत नाही की कोणता h कुणाचा. शंकूच्या उंचीला H म्हणा, वृत्तचितीच्या उंचीला h, आणि सुरुवातीलाच तसं लिहून टाका. तपासणाऱ्यालाही मग शोधाशोध करावी लागत नाही.

(दृश्य: शंकूवर दोन रेषा. एक टोकापासून तळाच्या मध्यापर्यंत, दुसरी टोकापासून कडेपर्यंत.)

दुसरी पायरी शंकूची. त्याच्या वक्रपृष्ठफळाचं सूत्र πrl. यातला l म्हणजे तिरकस उंची, टोकापासून तळाच्या कडेपर्यंतचं अंतर. आपल्याकडे 24 आहे ती लंब उंची. त्रिज्या, लंब उंची आणि तिरकस उंची मिळून काटकोन त्रिकोण होतो, म्हणजे पायथागोरसचं प्रमेय वापरायचं.

l² = r² + H² = 49 + 576 = 625

म्हणून l = 25 सेमी.

ही पायरी गाळून l च्या जागी थेट 24 ठेवलं, तर अंतिम उत्तर फक्त 22 ने कमी येतं. इतकं थोडं, की बघून शंकाही येत नाही. म्हणून उत्तरावरून ही चूक पकडायला जाऊ नका. वहीत वर्गमुळाची ओळ आहे की नाही ते बघा. शंकूचं वक्रपृष्ठफळ विचारलं आहे, तिरकस उंची दिलेली नाही, आणि तरीही ती ओळ दिसत नसेल, तर काहीतरी राहिलं आहे.

(दृश्य: तीनही तुकडे सरसाने चिकटवले जातात. मग ब्रशने वस्तूला बाहेरून निळा रंग.)

आता खरी गंमत. तुकडे चिकटवले आणि बाहेरून रंग दिला. रंग कुठे कुठे लागला? शंकूच्या वक्र भागाला, वृत्तचितीच्या वक्र भागाला आणि अर्धगोलाच्या वक्र भागाला. त्या चार सपाट वर्तुळांपैकी एकालाही रंग लागलेला नाही. दोन वर्तुळं शंकू आणि वृत्तचितीच्या जोडात गेली, दोन वृत्तचिती आणि अर्धगोलाच्या जोडात. प्रश्नात 'एकूण पृष्ठफळ' असे शब्द आहेत, पण ते या जोडलेल्या वस्तूचं एकूण पृष्ठफळ आहे. प्रत्येक सुट्या तुकड्याच्या एकूण पृष्ठफळाशी त्याचा संबंध नाही. म्हणून सूत्रं लिहिण्याआधी एक साधं वाक्य लिहायचं:

वस्तूचे एकूण पृष्ठफळ = शंकूचे वक्रपृष्ठफळ + वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ + अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ

मग सूत्रं:

= πrl + 2πrh + 2πr²

तिन्ही पदांत πr आहे, तो किमती ठेवण्याआधीच बाहेर काढा.

= πr (l + 2h + 2r)

= 22/7 × 7 × (25 + 20 + 14)

= 22 × 59

= 1298 चौसेमी

तीन वेगवेगळे गुणाकार करून बेरीज केली तरी उत्तर हेच येतं: 550, 440 आणि 308. पण πr बाहेर काढला की 7 ला 7 ने एकदाच भाग जातो आणि आकडेमोडीत घसरायच्या जागा कमी होतात. माझं मत विचाराल, तर सामाईक अवयव काढण्याची ही एक ओळ रोजच्या सरावात पक्की झालीच पाहिजे.

(दृश्य: उत्तरपत्रिका. समासात लाल पेनाने ½, 1, ½.)

आता हेच गणित तपासायला घेऊ. गुणांची नेमकी वाटणी त्या त्या वर्षीच्या नमुना उत्तराप्रमाणे ठरते. चार गुणांच्या या गणिताची वाटणी साधारण अशी होऊ शकते. वृत्तचितीची उंची, अर्धा गुण. तिरकस उंची, एक गुण. तीन वक्रपृष्ठफळांच्या बेरजेचं विधान, अर्धा. सूत्रं, अर्धा. किमती ठेवणं, अर्धा. आकडेमोड, अर्धा. आणि एककासह अंतिम उत्तर, अर्धा.

या मोजपट्टीवर तीन उत्तरपत्रिका लावून बघू.

पहिल्या मुलीने वृत्तचितीची उंची 17 धरली. पुढची प्रत्येक ओळ बरोबर आहे, फक्त 10 च्या जागी 17 आहे. तिचं उत्तर आलं 1606. उंचीचा अर्धा गुण गेला, अंतिम उत्तराचा अर्धा गेला. बाकी पायऱ्या दिसत आहेत आणि रीत बरोबर आहे, म्हणून चारपैकी तीन गुण तिच्या हातात राहू शकतात.

दुसऱ्या मुलाने उंची बरोबर काढली, तिरकस उंचीही बरोबर काढली, आणि मग तिन्ही आकृत्यांच्या एकूण पृष्ठफळांची सूत्रं लिहून बेरीज केली. शंकूचे 704, वृत्तचितीचे 748, भरीव अर्धगोलाचे 462, बेरीज 1914. त्याची आकडेमोड अगदी स्वच्छ आहे, पण विधानच चुकलं, त्यामुळे त्यावर उभी असलेली सूत्रंही या वस्तूची राहिली नाहीत. उंची आणि तिरकस उंची मिळून दीड गुण, त्यापुढे फारसं काही पदरात पडत नाही.

त्याचं उत्तर बरोबर उत्तराहून कितीने जास्त आहे ते बघा. 1914 − 1298 = 616. आणि 7 सेमी त्रिज्येच्या एका वर्तुळाचं क्षेत्रफळ 154 चौसेमी. 154 ला 4 ने गुणलं की 616. सुरुवातीला मोजलेली ती चार वर्तुळंच ही. सरावात उत्तर जुळलं नाही, तर फरकाला πr² ने भागून बघा. पूर्ण संख्या आली, तर बहुतेक तितकी वर्तुळं जास्त धरली गेली आहेत किंवा राहून गेली आहेत.

तिसऱ्या उत्तरपत्रिकेत कच्चं काम कुठेतरी कोपऱ्यात आहे, आणि प्रश्नाखाली फक्त '1298' एवढंच. उत्तर बरोबर, पण गुण द्यायला परीक्षकासमोर पायऱ्याच नाहीत. त्यात चौसेमी हे एककही लिहिलेलं नाही.

(दृश्य: तीच निळी वस्तू पाण्याच्या मोठ्या भांड्यात बुडवली जाते. पाण्याची पातळी चढते.)

याच वस्तूचं घनफळ विचारलं तर? तिथे जोड लपवायचा प्रश्न येत नाही. तुकडे सुटे असोत वा चिकटवलेले, लाकूड तेवढंच. शंकूचे 1232, वृत्तचितीचे 1540, अर्धगोलाचे सुमारे 718.67, मिळून सुमारे 3490.67 घसेमी. इथे शंकूसाठी लंब उंचीच लागते, 24. पृष्ठफळाच्या सरावातला 25 इथे सवयीने लिहिला जातो, तेवढा जपायचा.

(दृश्य: कातारी एका लाकडी वृत्तचितीतून शंकूच्या आकाराचा भाग कोरून काढतो.)

कोरून काढण्याचं गणित आलं, की पृष्ठफळ आणि घनफळ उलट्या दिशांना जातात. 7 सेमी त्रिज्येची आणि 24 सेमी उंचीची वृत्तचिती घ्या आणि तिच्यातून तेवढ्याच त्रिज्येचा, तेवढ्याच उंचीचा शंकू कोरून काढा. लाकूड कमी झालं, म्हणून घनफळात वजाबाकी: 3696 − 1232 = 2464 घसेमी. पण पृष्ठफळात शंकू वजा करायचा नाही. कोरल्यामुळे आत एक नवा पृष्ठभाग उघडा पडला. ब्रश आत घालून रंगवायचं म्हटलं, तर तोही रंगवावा लागेल. वृत्तचितीची बाहेरची बाजू 1056, आतली शंकूची बाजू 550 आणि शाबूत राहिलेला एक तळ 154, मिळून 1760 चौसेमी.

(दृश्य: 14 सेमी बाजूचा घन. वरच्या पृष्ठावर बरोबर मावणारा अर्धगोल.)

शेवटी आपल्या पहिल्या रीतीची मर्यादा. 'फक्त वक्रपृष्ठफळांची बेरीज' हे चाललं, कारण जोडावरची दोन्ही वर्तुळं सारखी होती आणि एकमेकांवर पूर्ण बसली होती. 14 सेमी बाजूच्या या घनावर 7 सेमी त्रिज्येचा अर्धगोल बसवला, तर खालचा चौरस पूर्ण झाकला जात नाही, चार कोपरे उघडे राहतात. घनाची सहा पृष्ठं मिळून 1176. त्यातून अर्धगोलाखाली दडलेलं वर्तुळ, 154, वजा करायचं आणि अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ, 308, मिळवायचं. उत्तर 1330 चौसेमी. 1484 आलं असेल, तर वर्तुळ वजा करायचं राहिलं. 1288 आलं असेल, तर वरचा चौरसच्या चौरस वजा झाला आहे. असं झालं, तर बाजूला आकृती काढा, ते चार कोपरे पेन्सिलीने रंगवा आणि विधानाची ओळ पुन्हा लिहा.