तारीख तीच, दही वेगळं

[पहाट. द्वारका भागातलं बंद शटर, समोर दुधाचे क्रेट उतरतायत]

पहाटे चार-साडेचारला नाशिकमध्ये दुधाचे टेम्पो फिरायला लागतात. सिडको, इंदिरानगर, म्हसरूळ, पाथर्डी फाटा, सगळीकडे हेच दृश्य. टेम्पो थांबतो, पोरगा उडी मारतो, क्रेट शटरसमोर ठेवतो, रिकामे उचलतो आणि गाडी पुढे. दुकानदार अजून झोपलेलाय. ड्रायव्हर म्हणतो, "थांबलो तर शेवटच्या दुकानाला सात वाजतात दादा, तिथं गिऱ्हाईक आधीच उभं असतं."

आपण घरात कोणता ब्रँड चांगला यावर वाद घालतो ना, त्या वादात हा शटरसमोरचा वेळ कधीच येत नाही. म्हणून इथूनच सुरुवात करतोय.

[क्रेट जवळून. दोन पिशव्यांच्या मधे थर्मामीटर]

प्लांटमध्ये दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि लगेच ४ अंशांच्या आसपास आणतात, हेच पाश्चरायझेशन. यात रोग करणारे जंतू मरतात पण सगळेच मरत नाहीत, काही उरतात, आणि त्यांना झोपवून ठेवतो तो फक्त थंडावा. पिशवीवरची तारीख याच भरवशावर छापलेली असते. तारखेच्या शेजारी बारीक अक्षरात ५ किंवा ८ अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं बघा, ती ओळ तारखेचाच भाग आहे, ती पाळली नाही तर तारखेला अर्थ नाही.

आता हा आकडा बघा. क्रेट उतरला तेव्हा ७ अंश. शटर उघडलं तेव्हा क्रेटच्या कडेची पिशवी १६, मधली ११. एप्रिलची पहाट आहे, ऊन अजून आलेलंही नाही. नंतर दुकानदाराने फ्रीजमध्ये टाकलं, पिशवी परत गार झाली, हाताला काहीच कळणार नाही. पण त्या दोन तासात जंतू वाढले ते वाढले, परत गार केल्याने ते कमी होत नाहीत, वाढ फक्त मंदावते. घरी उकळलं तरी मेलेल्या जंतूंनी सोडलेली काही एन्झाइम्स टिकतात, म्हणून कधीकधी दूध फाटत नाही पण चहाला किंचित कडवट चव येते.

[काउंटरवर वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या]

फॅटचं पटकन सांगतो. टोन्ड म्हणजे ३ टक्के, डबल टोन्ड दीड, स्टँडर्डाइज्ड साडेचार, फुल क्रीम ६. म्हणजे अर्ध्या लिटरच्या पिशवीत टोन्डमध्ये साधारण १५ ग्रॅम फॅट, फुल क्रीममध्ये ३०. पिशवीच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक ब्रँडचे रंग आपापले, नाव आणि टक्का वाचा. आणि जास्त फॅटचं दूध जास्त टिकतं असा समज आहे तो चुकीचा, टिकणं ठरतं थंडाव्यावर. पॅकिंग कुठं झालं तेही बघा, ब्रँडचं गाव आणि पॅकिंगचं गाव एकच असेल असं नाही, गोकुळ कोल्हापूरचं पण त्यांचा प्लांट वाशीलाही आहे. नाशिकपर्यंतचा रस्ता पॅकिंगच्या गावापासून मोजायचा.

[दोन दह्याचे कप शेजारी शेजारी, झाकणं काढलेली]

हे दोन कप नीट बघा. ब्रँड एक, बॅच नंबर एक, शेवटची तारीख एक. एक इंदिरानगरच्या एका दुकानातला, दुसरा त्याच रस्त्यावरच्या पुढच्या दुकानातला. डावीकडचं दही कोरं, चमचा घातला की कडा तशीच उभी राहते. उजवीकडच्यावर पिवळट हिरवट पाणी सुटलंय, मधे भेग पडलीय आणि चव घेतली तर दात आंबतात.

दही हे जिवंत असतं. कारखान्यात विरजण लावून ४२-४३ अंशांना लावतात आणि हवा तेवढा आंबटपणा आला की झटकन गार करतात, म्हणजे विरजणाचे जंतू थांबतात, मरत नाहीत. कप कुठेही कोमट झाला की ते परत कामाला लागतात, आंबटपणा वाढतो, दही आक्रसतं आणि पाणी सोडतं. परत गार केलं तरी ते आधीसारखं गोड होत नाही. दूध स्वतःवर काय गुजरलं ते लपवतं, दही लपवत नाही. एखाद्या दुकानाची कोल्ड चेन, म्हणजे माल तिथवर आणि तिथं सतत गार राहतो का, ते तपासायचंय तर तिथला सगळ्यात साधा दह्याचा कप घ्या. थोडं पाणी प्रवासात हिंदकळूनही सुटतं, त्याने घाबरू नका, पण पाणी आणि जास्तीचा आंबटपणा दोन्ही असेल तर तिथं फ्रीज बंद पडतोय किंवा कोणीतरी बंद करतंय. झाकण फुगलेलं असेल तर घ्यायचंच नाही, आत यीस्ट किंवा दुसरे जंतू गॅस करतायत.

घट्टपणावरून फॅट ओळखता येत नाही हेही सांगून ठेवतो. दह्याचं दूध जास्त वेळ, ८५-९० अंशांपर्यंत तापवलं किंवा दूध पावडर घातली की कमी फॅटचंही दही चाकूने कापता येईल असं लागतं.

[काचेचा फ्रीज, आतून. काचेवर पाणी, दार अर्धवट उघडं]

दुसऱ्या दुकानातल्या काकांना विचारलं तर ते सरळ बोलले, "रात्री बंद करतो, बिल परवडत नाही, सकाळी लावला की तासात गार." बरीच छोटी दुकानं हे करतात आणि मला त्यांचा राग येत नाही, दुधावर कमिशन फार नसतं. पण तिथून दूध-दही घेऊ नका. अशा दुकानात सकाळी कप ओलेगच्च असतात, दाराच्या काचेवर पाणी वाहत असतं, आणि शेजारच्या डीप फ्रीजरमधलं आइस्क्रीम वितळून परत गोठलेलं, खडबडीत असतं. त्रास पहिला लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना होतो, पोट बिघडतं, उलट्या होतात.

[पनीरची पाकिटं, मागची बाजू]

आता पनीर. नियमाप्रमाणे साध्या पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त ६० टक्के, आणि उरलेल्या कोरड्या भागात निम्मं तरी दुधाचं फॅट हवं. हिशोब सोपाय. १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅम पाणी गेलं, राहिले ४०, त्याचं निम्मं २०. म्हणजे पाकिटामागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास किंवा वर फॅट दिसायला हवं. या पाकिटावर २२ आहे, ठीक. दुसऱ्यावर ११, आणि तिथं लो फॅट किंवा मीडियम फॅट असं काही छापलेलं नाही, ते परत ठेवलं. घटकांमध्ये दूध आणि सायट्रिक ॲसिडसारखं आम्ल असतं, खाद्यतेल किंवा पाम तेल दिसलं तर ते पनीर नाही, ॲनालॉग आहे, म्हणजे पनीरसारखं दिसणारं दुसरंच काहीतरी.

व्हॅक्यूम पाकीट तुकड्याला घट्ट चिकटलेलं हवं. सैल झालं, आत दुधाळ पाणी साचलं की हवा शिरलीय किंवा गॅस झालाय. आणि पाकीट एकदा फोडलं की छापलेल्या तारखेचा संबंध संपला, मग पनीर पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचं, रोज पाणी बदलायचं आणि दोन-तीन दिवसात संपवायचं, वरचा थर हाताला बुळबुळीत लागला की टाकून द्यायचं.