मागे जाणारे पाते

हेलिकॉप्टर वेगाने का उडू शकत नाही, हे समजायला 11 ऑगस्ट 1986 चे एक उड्डाण पाहू. त्या दिवशी इंग्लंडमध्ये वेस्टलँड लिंक्स या हेलिकॉप्टरने ताशी 400.87 किलोमीटर वेगाचा विक्रम केला. म्हणजे सेकंदाला साधारण 110 मीटर. त्याच्या पात्यांची टोके सेकंदाला सुमारे 220 मीटर वेगाने फिरत होती.

लिंक्सचा रोटर, म्हणजे डोक्यावरचे पात्यांचे चक्र, वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो. त्यामुळे उजव्या बाजूचे पाते पुढे येते आणि त्याच्या टोकाला सेकंदाला 330 मीटरचा वारा लागतो. डावीकडचे पाते मागे जाते, त्याच्या टोकाला उरतो फक्त 110 मीटरचा. लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दोन्ही पाती एकाच कोनात धरली तर उजवीकडच्या टोकाशी डावीकडच्या नऊपट लिफ्ट! यंत्र तिथल्या तिथे उलटेल. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांची सुरुवातीची ऑटोजायरो, म्हणजे वाऱ्यानेच फिरणाऱ्या पात्यांची विमाने, याच कारणाने कलंडत होती. त्यांनी पाती मुळाशी बिजागरीवर बसवली, तेव्हा ती वरखाली झुलू लागली आणि 1923 मध्ये त्यांचे यंत्र नीट उडाले. पुढे येणारे पाते वर उठताना त्याचा वाऱ्याशी होणारा कोन आपोआप कमी होतो, आणि मागे जाणारे खाली येताना तो वाढतो.

पण हा तोल उसना आहे. वेग वाढेल तसा मागे जाणाऱ्या पात्याचा कोन वाढवतच न्यावा लागतो. लिंक्सच्या त्या वेगाला तर डावीकडच्या पात्याच्या मुळाकडच्या अर्ध्या भागाला वारा चक्क मागून लागत होता. सगळा भार बाहेरच्या अर्ध्यावर. कोन साधारण 12 ते 15 अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पात्याच्या पाठीवरून सुटतो आणि लिफ्ट ढासळते. हाच स्टॉल.

वैमानिकाला तो आधी थरथरीतून कळतो. मग नाक वर उठते. लिफ्ट डावीकडे ढासळली, तरी फिरत्या पात्यावर तिचा परिणाम पाव फेरी उशिरा, म्हणजे शेपटीकडे दिसतो. रोटरची चकती मागे झुकते. त्यानंतर यंत्र डावीकडे कलते. (आपल्या चेतक हेलिकॉप्टरचा रोटर उलट फिरतो, त्यामुळे ते उजवीकडे कलेल.) अशा वेळी नाक दाबायला सायक्लिक, म्हणजे रोटरची चकती हवी तिकडे झुकवणारी दांडी, पुढे रेटण्याचा मोह होतो. तो घातक आहे, कारण त्याने त्याच थकलेल्या पात्याचा कोन आणखी वाढतो. आधी कलेक्टिव्ह नावाचा दांडा खाली घ्यायचा, म्हणजे सगळ्याच पात्यांचा कोन उतरतो. मग वेग कमी करायचा. वजन जास्त, हवा विरळ किंवा वळण तीव्र असेल, तर हे संकट बऱ्याच कमी वेगालाही गाठते.

मग रोटरच जोरात का फिरवू नये? उजवीकडे पाहा. तिथे 330 मीटर झालेच आहेत, आणि ध्वनीचा वेग आहे सुमारे 340. त्याच्या जवळ जाताच पात्यावर धक्कालहरी उठतात, हवेचा रोध एकदम वाढतो. रोटर सावकाश फिरवला तर डावे पाते स्टॉल होते, जोरात फिरवला तर उजवे ध्वनीला भिडते. लिंक्सच्या पात्यांची रुंद, मागे वळलेली टोके या दोन्ही मर्यादा थोड्या थोड्या लांब ढकलण्यासाठीच घडवली होती.