‘मालक’ या एका शब्दापर्यंत

[दृश्य : टेबलावर चिनी पुस्तक, शेजारी रेघांची वही. वहीत एकच शब्द चार वेळा लिहून खोडलेला.]

चिनी लेखक लू शुन यांची ‘गाव’ ही कथा मे १९२१ मध्ये छापून आली. जेमतेम दहा-बारा पानांची आहे. निवेदक वीसहून अधिक वर्षांनी गावी येतो, जुनं घर विकून आईला घेऊन जाण्यासाठी. जवळजवळ तीस वर्षांत न भेटलेला लहानपणीचा मित्र रुन्थू त्याला भेटायला येतो. निवेदक त्याला भावाच्या नात्याने हाक मारतो, “अरे, रुन्थूदादा, आलास तू?” रुन्थू थांबतो. त्याचे ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. मग तो अदबीने उभा राहतो आणि स्पष्ट शब्दांत म्हणतो, “लाओये!”

या एका शब्दाचं मराठी करायला मला तीन आठवडे लागले.

[दृश्य : वहीतले खोडलेले शब्द जवळून.]

‘लाओये’ म्हणजे घरचा धनी, जमीनदार, किंवा अधिकारी. नोकर आणि कुळं ज्याला मान खाली घालून हाक मारतात तो. पहिल्यांदा मी ‘सरकार’ लिहिलं. पण ‘सरकार’ म्हटलं की डोळ्यांपुढे वाडा, देवडी, संस्थान येतं, आणि हे घर तर मोडकळीला आलेलं, विकायला काढलेलं. ‘साहेब’ लिहिलं, तर कचेरी आली. ‘रावसाहेब’ ही इंग्रजी अमदानीतली पदवी, ती चीनमध्ये कुठून येणार? शेवटी ‘मालक’ राहिला. आपल्याकडे गडीमाणसं जमीन असणाऱ्याला याच नावाने हाक मारतात, आणि हा शब्द हाक मारतानाच सर्वांत खरा वाटतो.

गड्याचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. रुन्थूचा बाप या घरी राबायचा. माझ्या हातून सहज ‘सालगडी’ लिहिलं गेलं होतं. पण कथेतच लेखक थांबून समजावतो की गड्यांचे प्रकार तीन : वर्षभर एकाच घरी राहणारा, रोजावर येणारा, आणि तिसरा स्वतःची शेती कसून फक्त सणावाराला, वर्षअखेरीला आणि खंडवसुलीच्या वेळी ठरलेल्या घरी येणारा. रुन्थूचा बाप तिसरा. ‘सालगडी’ लिहिलं तर मुलगा मालकाच्या अंगणातच वाढल्यासारखा वाटेल. तो तसा वाढलेला नाही. त्याला समुद्रकाठची वाळू, शिंपले, कलिंगडांचे मळे हे स्वतःचं जग आहे, आणि म्हणून तर निवेदकाला त्याचं अप्रूप.

[दृश्य : बर्फाळ अंगण. काठीवर टेकवलेली पाटी. दोरी.]

आता त्याच मुलाचं बोलणं ऐका. तेव्हा दोघंही दहा-बारा वर्षांचे. निवेदक म्हणतो, पक्षी पकड. रुन्थू म्हणतो :

“आत्ता नाही जमायचं. मोठा बर्फ पडायला हवा. आमच्या वाळूवर बर्फ पडला ना, की मी थोडी जागा झाडून घेतो, आखूड काठीवर बांबूची मोठी पाटी टेकवतो, खाली पोचट भात टाकतो, आणि पाखरं खायला आली की लांबून काठीची दोरी ओढतो, झालं, पाखरं पाटीखाली!”

पाटी, भात, दोरी, सगळं एका दमात. मालकाच्या मुलाला तो शिकवतो आहे, म्हणून मराठीत ‘तू’ आणि फक्त ‘तू’. “तू उन्हाळ्यात ये आमच्याकडे,” असं त्याने म्हटलं पाहिजे.

पहिल्या खर्ड्यात मी मोठी चूक केली. रुन्थू शेतकरी, म्हणून त्याच्या तोंडी ‘लई’, ‘न्हाई’, ‘बगा’ घातलं. वाचून पाहिलं तेव्हा कानाला गोड लागलं, पण कथा मेली होती. एक तर रुन्थू साताऱ्याचा झाला. त्याहून वाईट म्हणजे, लहानपणापासूनच दोघांची बोली वेगळी झाली, तर तीस वर्षांनी बदललं काय? मूळ चिनीत लेखकाने रुन्थूचे उच्चार कुठे मोडून दाखवलेले नाहीत. दरी दिसते ती फक्त तो समोरच्याला काय म्हणतो यात, आणि वाक्याच्या लांबीत. मी सगळी ‘लई’ काढून टाकली.

[दृश्य : चिलीम ओढणारे खरबरीत हात.]

तीस वर्षांनंतरचा रुन्थू असा बोलतो :

“फार कठीण आहे. सहावं पोर हाताशी आलं, तरी पोटाला पुरत नाही... वर शांतता नाही... जिथे तिथे पैसे, धरबंध नाही... पीकही बुडालं.”

तीन टिंबं मुळातलीच आहेत. मराठीत त्यांच्या जागी ‘आणि’, ‘पण’ घालून वाक्य सलग करण्याचा मोह होतो. तो आवरला. पाखरांची गोष्ट एका दमात सांगणारा मुलगा आता दोन-तीन शब्दांवर थबकतो.

आणि इथे मराठी क्रियापद आडवं येतं. चिनी क्रियापदाला पुरुषाचा प्रत्यय नसतो, त्यामुळे रुन्थूला ‘तू’ही म्हणावं लागत नाही आणि ‘तुम्ही’ही. मराठीत ‘आलास’ किंवा ‘आलात’ यातून सुटका नाही. मी त्याला तृतीय पुरुषात बोलायला लावलं : “आईसाहेब, पत्र मिळालं होतं. मालक येणार म्हणून फार आनंद झाला.” समोर उभ्या माणसाविषयी तो नसल्यासारखं बोलणं, ही आपल्याही घरांतली जुनी अदब.

आई म्हणते, “अरे, इतका परका का झालास? पूर्वी भाऊ-भाऊ म्हणायचात ना?” तो म्हणतो, “छे, आईसाहेब... ही कुठली रीत झाली? तेव्हा पोरं होतो, कळत नव्हतं.”

[दृश्य : हात कमरेवर, पाय फाकून उभी बाई. फक्त सावली.]

याच कथेत समोरच्या दुकानातली यांगवहिनी आहे, पन्नाशीची. गरीब तीही आहे. पण तिने निवेदकाला लहानपणी कडेवर घेतलेलं आहे, आणि तेवढ्या हक्कावर ती सगळ्या पायऱ्या ओलांडते : “ओळखलं नाहीस? कडेवर घेतलंय मी तुला!” तिच्या तोंडी ‘मालक’ शब्द येऊच शकत नाही. टोमणा मारते तेव्हाही ‘तू’च : “तू मोठा अंमलदार झालास, आठ भोयांच्या पालखीत बसतोस, आणि म्हणे श्रीमंत नाही!” पुढे म्हणते, “पैसा वाढतो तशी मूठ आवळते, आणि मूठ आवळते तसा पैसा वाढतो.” मुळातही हे वाक्य असंच उलटसुलट फिरतं, म्हणून मराठीत त्याचा गोल मोडू दिला नाही. तिच्या बाबतीत वय वरचढ ठरतं. रुन्थूही याच घराच्या अंगणात खेळला होता, पण त्याच्या मदतीला वय येत नाही.

[दृश्य : नाव. मागे सरकणारा काठ.]

शेवटी नावेत निवेदकाचा आठ वर्षांचा पुतण्या विचारतो, “मोठे काका, आपण परत कधी यायचं?” चिनी वाक्यात फक्त ‘आम्ही-आपण’ दोन्हीला चालणारं सर्वनाम आहे. मी ‘आपण’ घेतलं, म्हणजे काकाही त्यात आला. काका विचारतो, अजून गेलो नाही तोच परत यायचा विचार? “श्वेशंगनं मला त्याच्या घरी खेळायला बोलावलंय ना!”

श्वेशंग हा रुन्थूचा मुलगा. बापाने त्याला मालकांच्या पाया पडायला सांगितलं होतं. त्या दोन मुलांचं आपापसातलं बोलणं लेखकाने लिहिलेलंच नाही. पुतण्याच्या वाक्यात मी श्वेशंगचा उल्लेख एकेरी ठेवला आहे.