‘ऑलवेज’ वाक्यात कुठे बसतो?

(प्राथमिक इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसमोरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

दिनचर्येचा धडा आला की ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर ही मंडळी येतातच. त्यांचे अर्थ मुलं एका तासात पाठ करतात, अडतं ते जागेपाशी. मराठीत आपण ‘मी नेहमी चहा घेते’ म्हणतो, ‘चहा मी नेहमी घेते’ म्हणतो, ‘नेहमी मीच चहा करते’ असंही म्हणतो. शब्द हलवला की जोर बदलतो, पण वाक्य मोडत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये या शब्दांना शिरता येत नाही. ‘आय ड्रिंक ऑलवेज टी’ चुकतं ते याचमुळे.

म्हणून फळ्यावर नियम लिहिण्याआधी विद्यार्थ्याला एकच काम द्या: वाक्यातलं क्रियापद शोधून त्याखाली रेघ ओढायची. मग तीनच शक्यता उरतात. क्रियापद एकटं असेल तर शब्द त्याच्या आधी: ‘आय ऑलवेज ड्रिंक टी’. ॲम, इज, आर असेल तर त्याच्या नंतर: ‘शी इज ऑलवेज लेट’. कॅनसारखं सहायक क्रियापद सोबत असेल तर दोघांच्या मध्ये: ‘शी कॅन नेव्हर फाइंड हर कीज’.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. मीनाच्या आठवड्याचा तक्ता द्या, त्यात सात दिवसांच्या खुणा. सहाला उठण्यापुढे 7, ऑफिसला उशीर होण्यापुढे 2, रात्री टीव्ही बघण्यापुढे 0. सातपैकी सात म्हणजे ऑलवेज, दोन म्हणजे समटाइम्स, शून्य म्हणजे नेव्हर. (पुस्तकांतून ऑफनपुढे अमुक टक्के असं छापलेलं असतं. ती शिकवण्यापुरती सोय आहे, ते आकडे पाठ करून घेऊ नका.) आता वाक्यं. ‘मीना गेट्स अप ॲट सिक्स’: रेघ ‘गेट्स अप’खाली, म्हणून ‘मीना ऑलवेज गेट्स अप ॲट सिक्स’. ॲट सिक्स ही नेमकी वेळ शेवटीच राहते. ‘मीना इज लेट’: रेघ ‘इज’खाली, म्हणून ‘मीना इज समटाइम्स लेट’. तिसरं, ‘मीना नेव्हर वॉचेस टीव्ही ॲट नाइट’.

इथे हमखास दिसणाऱ्या दोन चुका आहेत. पहिली, ‘शी ऑलवेज गेट अप’. कर्ता आणि क्रियापद यांच्यात ऑलवेज आला की क्रियापदाचा एस गळतो, कारण शी आता शेजारी राहिलेली नसते. उत्तर तपासायला सांगताना मधला शब्द बोटाने झाकायला लावा. ‘शी गेट अप’ कानाला लगेच खटकतं. दुसरी, ‘शी डझन्ट नेव्हर वॉच टीव्ही’. ‘ती कधीच टीव्ही बघत नाही’ यात कधीच आणि नाही दोन्ही लागतात, तेच इंग्रजीत उतरतं. नेव्हरमध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे क्रियापद होकारार्थीच ठेवायचं.

हॅवशी थोडं थांबावं लागतं. ‘वुई युज्वली हॅव ब्रेकफास्ट ॲट एट’ यात हॅव हे सहायक नाही, ‘नाश्ता करणे’ असं सरळ क्रियापद आहे, म्हणून शब्द आधी. सहायक म्हटलं की हॅव डोळ्यांपुढे येणारा हुशार विद्यार्थीच इथे ‘वुई हॅव युज्वली’ लिहितो.

सरावसंचाबद्दल. दहाही वाक्यांत ड्रिंक, गो, ईट असली तर ‘क्रियापदाच्या आधी ठेवा’ एवढ्यावरच मुलं पूर्ण गुण मिळवतात आणि पुढच्या आठवड्यात ‘आय ऑलवेज ॲम टायर्ड’ लिहितात. दहातली चार तरी ॲम, इज, आरची ठेवा आणि ती एकत्र न ठेवता विखरून टाका. ‘ऑलवेज ॲम’ इंग्रजीत मुळीच येत नाही असं मात्र सांगू नका. ‘यस, आय ऑलवेज ॲम’ अशा तुटक उत्तरात तो क्रम बरोबर असतो. पहिल्या महिन्यात तो विषय काढायची गरज नाही.

शब्द जुळवायच्या प्रश्नांत ऑलवेज आणि नेव्हर निर्धोक आहेत, साध्या विधानात त्यांना एकच जागा मिळते. समटाइम्सचं तसं नाही. ‘समटाइम्स आय वॉक टू वर्क’, ‘आय समटाइम्स वॉक टू वर्क’, ‘आय वॉक टू वर्क समटाइम्स’ ही तिन्ही बरोबर आहेत. उत्तरपत्रिकेत एकच छापलेलं असेल तर बाकीच्या दोन उत्तरांचे गुण कापू नका. नाहीतर समटाइम्सला तो प्रश्नच देऊ नका.