जीवनवृक्ष आणि रोपे छाटणारा पंडित

नमस्कार श्रोतेहो.

कब्बाला, म्हणजे ज्यू धर्मातील गूढविद्या, आणि तिच्यातील जीवनवृक्ष हा आजच्या भाषणाचा विषय आहे. दहा वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, अशी ही आकृती आपल्यापैकी काहींनी एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा हल्ली गळ्यातल्या लॉकेटवरही पाहिली असेल. टॅरोच्या पत्त्यांशी तिची सांगड एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमधील हौशी मंडळींनी घातली, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की त्या सांगडीमुळे मूळ आकृती समजण्यास मदत होण्याऐवजी अडचणच झाली आहे. म्हणून ते पत्ते आज आपण बाजूला ठेवू.

मूळ प्रश्न असा आहे. ईश्वर अनंत आहे, त्याला आकार नाही, नाव नाही, त्याच्याविषयी काही बोलताही येत नाही; आणि जग तर मर्यादांनी भरलेले आहे. मग त्या अमर्यादातून हे मर्यादित जग आले कसे? तेराव्या शतकात स्पेनमधील जेरोना या गावी जे कब्बालाचे आचार्य होते, त्यांनी याचे उत्तर ‘निःसरण’ या कल्पनेने दिले. निःसरण म्हणजे उगमातून बाहेर वाहत येणे. सुतार खुर्ची करतो तेव्हा खुर्ची सुताराहून वेगळी होते, परंतु निःसरणात जे बाहेर येते ते उगमापासून तुटत नाही, आणि उगमही त्यामुळे तसूभर कमी होत नाही. या वाहण्याचे दहा टप्पे आहेत आणि त्यांना सेफिरोत म्हणतात. ‘सेफेर येत्सिरा’ हा जुना ग्रंथ त्यांची संख्या अगदी बजावून सांगतो: दहा, नऊ नव्हेत, दहा, अकरा नव्हेत. श्रोतेहो, एवढे ध्यानात ठेवा: प्रवाह एक आहे आणि टप्पे दहा आहेत.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वर, आकृतीच्याही बाहेर, ‘एन सोफ’ म्हणजे अनंत आहे. त्याला वर्तुळ नाही, कारण त्याच्याभोवती रेघ ओढताच येत नाही. त्याखाली केतेर म्हणजे मुकुट. मग उजवीकडे होख्मा, विचाराचा पहिला बिंदू, आणि डावीकडे बीना, जिच्यात त्या बिंदूला विस्तार मिळतो. त्यांच्या खाली उजवीकडे हेसेद म्हणजे हात न आखडता देणारी कृपा, डावीकडे गेवुरा म्हणजे सीमा घालणारा न्याय, आणि या दोघांचा मेळ घालणारा मधला तिफेरेत. त्याखाली नेत्साह, होद आणि येसोद हे तीन टप्पे येतात, त्यांच्यावर आज थांबायला नको. सर्वांत तळाशी मालखुत म्हणजे राज्य. मालखुतला स्वतःचे असे काही नाही. वरून जे येते ते ती घेते आणि जगाला देते. जगात वावरणारे ईश्वराचे सान्निध्य, ज्याला शेखिना म्हणतात, ते हेच.

हा वृक्ष उलटा आहे, मुळे वर आणि फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थाची आठवण आपल्याला होणे साहजिकच आहे; परंतु साम्य दिसले की लगेच ‘हे मुळात आपलेच’ असे म्हणण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मला मान्य नाही. गीतेतला वृक्ष वैराग्याच्या शस्त्राने छेदायचा आहे. कब्बालातला वृक्ष छेदणे हे त्या परंपरेत सर्वांत मोठे पाप आहे. आणि त्यावरूनच मला जी गोष्ट आपल्याला सांगायची आहे, तिच्याकडे आता वळतो.

ही गोष्ट बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या संग्रहात, हगिगा या प्रकरणात आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा, पॅलेस्टाइनवर रोमन सत्ता होती तेव्हाचा. चार पंडित एका बागेत शिरले. ही बाग अर्थातच कुंपण घातलेली बाग नव्हे, ते दिव्य रहस्यांचे क्षेत्र आहे. बेन अझ्झाई याने पाहिले आणि तो मरण पावला. बेन झोमा याने पाहिले आणि त्याचे चित्त ढळले. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अकिवा सुखरूप बाहेर आले. आणि चौथा, एलिशा बेन अबुया, त्याने बागेतली रोपे छाटली.

रोपे छाटली म्हणजे नेमके काय केले? तालमूद सांगतो की एलिशाला तेथे मेटाट्रॉन हा देवदूत दिसला. लोकांची पुण्ये लिहून ठेवण्यासाठी त्याला बसण्याची परवानगी होती. एलिशा तर शिकला होता की वरच्या लोकात कोणी बसत नाही. मग हा बसलेला कोण? तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघून गेले की, न जाणो, तेथे दोन सत्ता असतील! त्याबरोबर मेटाट्रॉनला बाहेर काढून अग्नीचे साठ फटके मारण्यात आले; एलिशाला पाहून तू उठून उभा का राहिला नाहीस, एवढाच त्याचा अपराध. आणि एलिशाविषयी आकाशवाणी झाली की, वाट चुकलेल्या सर्व मुलांनो, परत या, मात्र एलिशाने येऊ नये.

एलिशाने विचार केला की परलोकाचे दार बंदच झाले आहे, तर निदान इहलोक तरी भोगून घ्यावा, आणि तो धर्माची बंधने सोडून वागू लागला. त्याचा एक शिष्य होता, रब्बी मेइर. इतर विद्वानांनी एलिशाशी संबंध तोडले, पण मेइर यांनी तोडले नाहीत. आणि मला या गोष्टीतला सर्वांत आवडता भाग इथे येतो. एका साबाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी एलिशा घोड्यावर बसून निघाला होता, जे धर्माने निषिद्ध आहे, आणि मेइर त्याच्याकडून धर्मशास्त्र ऐकत घोड्यामागून पायी चालले होते. साबाथच्या दिवशी वस्तीच्या हद्दीबाहेर दोन हजार हात, म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर, एवढेच चालण्याची मुभा असते. चालता चालता एलिशाने घोडा थांबवला आणि म्हटले, “मेइर, आता मागे फिर. घोड्याची पावले मी मोजत आलो आहे. साबाथची हद्द इथे संपली.”

पाहा श्रोतेहो, स्वतः घोड्यावर बसून नियम मोडणारा हा माणूस शिष्याचा नियम मोडू नये म्हणून शिकवता शिकवता टापा मोजत होता! मेइर म्हणाले, “गुरुजी, तुम्हीही परत फिरा.” त्याने उत्तर दिले, “तुला सांगितले नाही का, पडद्याआडून मी काय ऐकले ते? सर्वांनी परत यावे, एलिशाने नव्हे.” आणि अशा माणसाकडून मेइर शिकले तरी कसे, या प्रश्नाला तालमूदचे उत्तर असे आहे की मेइर यांना डाळिंब सापडले, त्यांनी आतले दाणे खाल्ले आणि साल टाकून दिली.

आता नकाशाकडे परत येऊ. तालमूदमध्ये दहा टप्प्यांचा वृक्ष नाही. पुढे सुमारे अकराशे वर्षांनी जेरोनाच्या आचार्यांनी ही गोष्ट हाती घेतली आणि रोपे छाटण्याचा अर्थ असा लावला: सेफिरोतना एकमेकांपासून तोडणे, आणि विशेषतः सर्वांत खालच्या मालखुतला वरच्या नऊ टप्प्यांपासून तोडून तिलाच स्वतंत्र सत्ता समजणे. हा मोह का होतो, हे नकाशावरूनच कळते. आपण तळाशी उभे आहोत. आपली पहिली गाठ मालखुतशी पडते आणि वरचे काहीच दिसत नाही. जे हाती लागले तेच सर्व काही आहे, असे वाटू लागले की छाटणी झालीच.

चूक मधल्या टप्प्यांवरही होते. समजा, कोणी हेसेद आणि गेवुरा यांना दोन वेगळ्या देवता समजू लागला, एक दयाळू आणि एक कोपिष्ट. कब्बालाच्या मते हेसेद एकटी असती तर देण्याला सीमाच राहिली नसती, आणि सीमेवाचून कोणतीही वस्तू उभी राहू शकत नाही. गेवुरा एकटी असती तर काहीच दिले गेले नसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या कास्तील प्रांतात प्रकट झालेला ‘झोहार’ हा ग्रंथ तर याहून पुढे जातो: कृपेपासून सुटलेला न्याय हेच दुष्टतेचे मूळ, असे तो मानतो. म्हणजे दुष्टतेसाठी वेगळा उगम शोधण्याची गरज नाही, एक जोड तुटला तरी पुरे.

मग एकाच प्रवाहात दहा गुण दिसतात कसे? साफेद गावचे मोशे कोर्दोवेरो यांनी, ज्यांच्या १५४८ सालच्या ग्रंथाचे नावच ‘डाळिंबांची बाग’ असे आहे, याचे उत्तर दिले. दहा रंगांच्या काचांतून सूर्यप्रकाश आत येतो, तेव्हा तो तांबडा, हिरवा, निळा दिसतो. प्रकाशाचा रंग बदललेला नसतो, पाहणाऱ्यापुरता तो बदलतो. पुन्हा सांगतो: प्रवाह एक आहे, टप्पे दहा आहेत.

हे ज्ञान कोणाच्या हाती द्यावे यावर नेहमीच वाद झाले, आणि एक वाद तर आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. १८८७ साली ए. डी. इझिकेल या बगदादी ज्यू गृहस्थांनी झोहारमधील ‘इद्रा झुता’ या भागाचे ज्यूंच्या बोलीतील अरबी भाषांतर पुण्यात प्रसिद्ध केले, आणि बगदादच्या रब्बींनी त्याला तीव्र विरोध केला. एलिशाची गोष्ट ज्यांच्या कानांवर लहानपणापासून होती, त्यांची धास्ती मला समजू शकते. पण अर्धवट ऐकलेले रहस्य छापलेल्या रहस्यापेक्षा अधिक घातक असते, असे मला वाटते.

आक्षेप घेणारेही समजून घेतले पाहिजेत. चौदाव्या शतकातील मोठे धर्मपंडित रब्बी इसाक बेन शेशेत यांनी एक टोमणा नोंदवून ठेवला आहे: ख्रिस्ती लोक तिघांना मानतात, आणि हे कब्बालावाले दहांना! त्यांनी योसेफ इब्न शोशान या जाणकाराला विचारले की, एका प्रार्थनेत तुम्ही या टप्प्याकडे आणि दुसरीत त्या टप्प्याकडे मन कसे लावता? इब्न शोशान यांनी सांगितले की प्रार्थना नेहमी सर्व कारणांच्या मूळ कारणालाच असते. कृपा कोणत्या टप्प्यातून यावी, एवढेच मनात धरायचे असते. उत्तर फार चांगले आहे, असे इसाक यांनी मान्य केले. पण या सगळ्यात शिरावेच कशाला, असेही त्यांनी म्हटले, आणि शिनोनचे रब्बी शिमशोन काय म्हणत ते लिहून ठेवले: “मी या लहान मुलाच्या मनाने प्रार्थना करतो.”

नमस्कार.